‘फुल रिफंड’ आला, तरी १४ डॉलर कमी. गेले कुठे?

निळीशाई

मंडळी, एक हिशेब काही केल्या जुळत नाहीये. जाणकारांनी जरा नजर टाका.

एका परदेशी साइटवरून बूट मागवले होते. किंमत युरोत, घरपोच खर्च धरून २४० युरो. माझं क्रेडिट कार्ड डॉलरचं. बूट आले, पण अर्धा नंबर लहान निघाले, म्हणून परत पाठवले. दुकानदाराने अजिबात खळखळ केली नाही. ‘तुमचे पूर्ण २४० युरो परत केले आहेत’ अशी मेल आली, सोबत पावतीही.

आता स्टेटमेंट बघते तर खरेदीच्या ओळीत २७६.८६ डॉलर आणि परताव्याच्या ओळीत २६२.८० डॉलर. म्हणजे सरळसरळ १४.०६ डॉलर कमी. परतीच्या पार्सलचा खर्च यात नाही, तो त्यांनीच उचलला होता.

दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, आम्ही २४० घेतले, २४० दिले. बँकेला फोन केला तर म्हणे, दुकानदाराकडून जेवढे आले तेवढे जमा केले. दोघंही ठाम. मग मधले १४ डॉलर कोणी खाल्ले?

आडमाप

कोणीच नाही खाल्ले. डॉलर वधारला, बस. तुम्ही घेतलं तेव्हा युरो महाग होता, परत आले तेव्हा स्वस्त झाला. दर रोज हलतो. उलटं झालं असतं तर जास्त मिळाले असते आणि तुम्ही हा धागा काढलाच नसता. :)

निळीशाई

आडमाप, ते मलाही सुचलं होतं. पण २७६.८६ आणि २६२.८० म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त फरक. मधे साडेतीन आठवडे गेले. मी त्या काळातले दर चाळले, युरो पाच टक्के काही पडलेला दिसत नाही. दोन टक्क्यांच्या आसपास असेल.

चक्रीवादळ

हे सगळे दुकानदार असेच असतात. परत आलेल्या मालावर गुपचूप कात्री लावतात. माझ्या एका ऑर्डरमधून ‘पुन्हा साठ्यात घेण्याचा खर्च’ म्हणून १० टक्के कापले होते. मेलमध्ये पूर्ण लिहिणार आणि पाठवणार कमी. पावती नीट वाचा, खाली बारीक अक्षरांत असेल.

निळीशाई

वाचली हो. २४०.०० युरो, एकच ओळ. आणि स्टेटमेंटवर परताव्याच्या ओळीखालीही बारीक अक्षरांत ‘२४०.०० युरो’ असंच आहे. म्हणजे निदान युरोत तरी कात्री लागलेली नाही ना?

हिशेबनीस

नाही लागलेली. ती बारीक ओळ फार कामाची आहे, तिच्यामुळे दुकानदार या प्रकरणातून बाहेर पडला. परकीय चलनातला आकडा दोन्हीकडे सारखाच असेल, तर जे काही घडलं ते तुमच्या बाजूला, म्हणजे कार्डाच्या नेटवर्कमध्ये आणि तुमच्या बँकेत घडलं. चक्रीवादळ यांच्या प्रकरणात तो आकडाच कमी आला असणार. ती वेगळी गोष्ट आहे.

मी बरीच वर्षं कार्ड व्यवहारांच्या मिळवणीच्या कामात होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपल्याला वाटतं की परतावा म्हणजे जुनी नोंद खोडणं. तसं नसतं. एकदा खरेदी पक्की होऊन खात्यावर बसली की तिला कोणी हात लावत नाही. दुकानदार परतावा देतो तेव्हा तो एक कोरा करकरीत, उलट्या दिशेचा व्यवहार असतो. त्याची तारीख वेगळी, त्याला लागणारा दर त्या दिवसाचा. यंत्रणेच्या दृष्टीने तुम्ही एक दिवस २४० युरो विकत घेतले आणि दुसऱ्या एका दिवशी २४० युरो विकले. बुटांशी तिला काही देणंघेणं नाही.

तेव्हा आडमाप म्हणतात ते खरं आहे, पण तेवढ्याने १४ डॉलर भरत नाहीत. तुमच्या बँकेचं परकीय चलन शुल्क किती आहे? आणि ते स्टेटमेंटवर वेगळ्या ओळीत येतं का?

निळीशाई

वेगळी ओळ नाहीच. म्हणून मला वाटत होतं की माझ्या कार्डावर असलं शुल्क नसावं.

हिशेबनीस

ओळ नाही म्हणजे शुल्क नाही असं नव्हे. काही बँका शुल्क वेगळं दाखवतात, काही ते दरातच मिसळून एकच आकडा छापतात. मिसळलेलं असलं तरी बाहेर काढता येतं.

२७६.८६ ला २४० ने भागा. येतात १.१५३६. म्हणजे तुम्हाला एक युरो १.१५३६ डॉलरला पडला. आता व्हिसा किंवा मास्टरकार्ड, जे असेल त्याच्या साइटवर जा. दोघांकडेही दर बघायचं पान आहे. तारीख टाकायची, दोन्ही चलनं निवडायची. बँकेच्या शुल्काची टक्केवारी टाकायला एक चौकोन असतो, तिथे शून्य ठेवा. मग जो दर दिसेल तो नेटवर्कचा. तारीख मात्र ऑर्डर दिल्याची घेऊ नका, स्टेटमेंटवर नोंद बसल्याची घ्या, आणि एक दिवस मागचाही बघा.

काय दिसतं ते इथे लिहा.

आडमाप

ऑर्डरची तारीख का नको? पैसे तर तेव्हाच कापले जातात.

हिशेबनीस

तेव्हा कापले जात नाहीत, अडकवले जातात. ऑर्डर देताना बँक फक्त रक्कम राखून ठेवते. बरीच दुकानं माल पाठवताना खरी मागणी नेटवर्ककडे धाडतात आणि पक्का दर तेव्हाचा लागू शकतो. निळीशाई, तुम्हाला सुरुवातीला बँकेच्या अ‍ॅपमध्ये थोडा वेगळा आकडा दिसला असेल.

निळीशाई

अगदी! ३ तारखेला ऑर्डर दिली तेव्हा ‘प्रलंबित’ खाली २७६.१२ होता. ५ तारखेला तो जाऊन २७६.८६ आला. मला वाटलं माझीच वाचायची चूक.

बरं, दर बघून आले. माझं कार्ड ज्या नेटवर्कचं आहे त्याच्या पानावर ५ तारखेचा दर १.१२००, शुल्काचा चौकोन शून्य ठेवून. याचं पुढे काय करू?

हिशेबनीस

झालं की काम. १.१२ ने २४० युरोचे होतात २६८.८० डॉलर. तुमच्याकडून घेतले २७६.८६. फरक ८.०६. हा २६८.८० च्या बरोबर ३ टक्के आहे. योगायोगाने इतका गोल आकडा येत नसतो. तुमच्या कार्डावर ३ टक्के शुल्क आहे आणि ते दरात विरघळवलेलं आहे.

आता परताव्याची बाजू. २६२.८० भागिले २४० म्हणजे १.०९५०. त्या दिवसाचा नेटवर्कचा दर काय दिसतो?

निळीशाई

परताव्याची मेल २७ ला आली, खात्यावर नोंद २९ ला. २९ चा दर १.०९९० दिसतोय. म्हणजे त्यांनी मला त्या दिवसाच्या दराहूनही कमी दिले? हे काय नवीन?

हिशेबनीस

त्या पानावर दिसतो तो खरेदीच्या व्यवहाराचा दर. परताव्याला नेटवर्क थोडा वेगळा दर लावू शकतं. चलन बदलून देणाऱ्या खिडकीवर जशा दोन पाट्या असतात, घेण्याची वेगळी आणि देण्याची वेगळी, तसंच. मधली फट लहान असते, पण ती प्रत्येक वेळी तुमच्या विरुद्ध बाजूलाच असते. दर जागचा हलला नसता तरी तेवढं नुकसान झालंच असतं.

तर तुमचे १४.०६ असे गेले. खरेदीवेळचं शुल्क ८.०६, जे परत आलं नाही. युरो १.१२०० वरून १.०९९० वर आला त्याचे ५.०४. आणि दोन पाट्यांमधल्या फटीचे ०.९६. बेरीज करून बघा.

निळीशाई

१४.०६! जुळलं! तीन दिवस डोकं फोडत होते.

पण म्हणजे अर्ध्याहून जास्त पैसे शुल्कात गेले, दरात नाही. आडमाप, ऐकताय ना?

आडमाप

ऐकतोय. अर्धा बरोबर होतो, अर्ध्याचे मार्क द्या.

पण मला एक पटत नाही. शुल्क ही बँकेने केलेल्या कामाची मजुरी. त्यांनी चलन बदलून दिलं, काम झालं. तुम्ही नंतर बूट परत केलेत हा बँकेचा दोष नाही. मग शुल्क परत का द्यावं?

मोरपीस

आडमाप, मग परत बदलून देतानाही त्यांनी काम केलंच की. त्याची मजुरी का नाही घेतली? का घेतली असती तर तेही चाललं असतं?

हिशेबनीस

मोरपीस, घेणाऱ्या बँकाही आहेत. या बाबतीत तीन प्रकार पाहिलेत. पहिला, परताव्यावर शुल्कही परत. निळीशाईंची बँक तशी असती तर २६२.८० ऐवजी २७०.६८ जमा झाले असते. दुसरा, निळीशाईंसारखा. शुल्क एकदाच, खरेदीवर, आणि ते विसरायचं. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. परताव्यालाही चलनबदल धरून त्यातूनही ३ टक्के कापायचे. तिथे हाती २५४.९२ आले असते. म्हणजे माल परत, दुकानदाराने पूर्ण पैसे दिले, आणि तरीही जवळपास २२ डॉलरचा चुना.

आपली बँक कशात मोडते हे कार्डाच्या अटींत असतं. ‘परकीय चलन व्यवहार’ या मथळ्याखाली शोधा. ‘परतावा’ किंवा ‘जमा’ हे शब्द आलेत का बघा. काही वेळा ‘सर्व व्यवहारांवर’ एवढंच लिहितात. मग ते वाक्य कसं वाचायचं ते बँकच ठरवते.

ताकभात

माझीही अशीच गोष्ट आहे. परदेशातून एक जुना कॅमेरा मागवला होता. आल्यावर कुरियरवाल्याने दारात आयात शुल्क घेतलं आणि वर स्वतःचा हाताळणी खर्च लावला. कॅमेरा परत केला, दुकानदाराने सगळे पैसे दिले, पण दारात भरलेले पैसे मात्र गेले ते गेलेच. तर निळीशाई, तुमचेही त्यातच गेले असतील. दुकानदाराला विचारा.

मोरपीस

ताकभात, वरचं वाचलंत का? तिचा हिशेब सेंटपर्यंत लागला. :)

हिशेबनीस

त्यांचा प्रश्न वेगळा आहे, पण महत्त्वाचा आहे. आयात शुल्क दुकानदाराने घेतलेलंच नसतं, तर तो परत कुठून देणार? ते सीमाशुल्क खात्याकडे गेलेलं असतं. माल परत गेल्याचे पुरावे देऊन तिथेच मागावं लागतं. बऱ्याच देशांत तशी सोय आहे, पण मुदत असते आणि कागद लागतात. कुरियरचा हाताळणी खर्च मात्र सोडूनच द्या. दुकानदाराने खरेदीच्या वेळीच शुल्क धरून किंमत घेतली असेल तर गोष्ट बदलते. मग तो आकडा त्याच्या पावतीवर असतो आणि त्याला विचारता येतं.

ताकभात

मुदत कधीच उलटली असणार. दोन वर्षं झाली. असो.

गावठी_गणिती

मी असल्या भानगडीत पडतच नाही. पैसे देताना साइट विचारते ना, ‘तुमच्या चलनात भरायचे का?’, तिथे सरळ हो म्हणायचं. १५० डॉलर दिसले, १५० गेले. परत केलं की १५० परत. दर नाही, फट नाही. लोक उगाच परकीय चलनात पैसे भरतात आणि मग रडतात.

हिशेबनीस

गणिती, यात एक मेख आहे. खरं म्हणजे दोन.

साइट डॉलरमध्ये किंमत दाखवते तेव्हा त्यामागे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, दुकानाने खरोखरच डॉलरची स्वतंत्र किंमत ठरवलेली असते. तिथे तुम्ही म्हणता तसं होतं. दुसरी, किंमत युरोतच असते आणि पैसे भरायच्या पानावर दुकानदाराची बँक किंवा तिच्याशी जोडलेली कंपनी जागेवर रूपांतर करून दाखवते. या रूपांतरात त्यांचा नफा आधीच मिसळलेला असतो आणि बहुतेक वेळा तो तुमच्या बँकेच्या शुल्काहून जास्त असतो. परतावा डॉलरमध्येच, आधीच्याच आकड्याने आला तर तुम्ही वाचलात. पण दुकानदाराच्या यंत्रणेने परतावा युरोत धाडला, तर तुम्ही महागात घेतलेले युरो बाजारभावाने विकल्यासारखं होतं. असली प्रकरणं मी बघितली आहेत. फरक ७-८ टक्क्यांवर जातो आणि दुकानदाराला आपल्याकडून काय चुकलं हे कळतही नाही.

हे ओळखायचं कसं? पैसे भरायच्या पानावर दर आणि ‘मूळ रक्कम इतके युरो’ असं दोन्ही दिसत असेल तर ते दुसऱ्या प्रकारातलं.

आणि दुसरी मेख तुमच्याच स्टेटमेंटमध्ये असेल. १५० च्या आसपास एखादी छोटी ओळ दिसते का बघा.

गावठी_गणिती

थांबा, बघतो.

च्यायला. ४.५० डॉलर, ‘परदेशी व्यवहार शुल्क’. त्याच दिवशीचं. हे तर मी पाहिलंच नव्हतं. पण व्यवहार डॉलरमध्येच होता ना? कसलं चलन बदललं यांनी?

हिशेबनीस

काहीच नाही बदललं. दुकान परदेशातलं असेल तर चलन कुठलंही असो, शुल्क लागू होतं असं काही बँकांच्या अटींत असतं. तुमचे १५० पूर्ण परत आले, पण ४.५० तिथेच राहिले. निळीशाईंच्या ८.०६ चंच हे धाकटं भावंड.

गावठी_गणिती

म्हणजे मीही रडणाऱ्यांतलाच निघालो. मागच्या दोन-तीन ऑर्डरही उघडून बघाव्या लागणार.

मोरपीस

मला एक सांगा, हिशेबनीस. मी एकदा ऑर्डर दिल्यावर तासाभरात रद्द केली होती. तेव्हा पैशाचा एक कणही गेला नाही. तोही परतावाच होता ना?

हिशेबनीस

तो परतावा नव्हताच. रक्कम नुसती अडकवलेली होती, खरेदी पक्की झालेली नव्हती. दुकानदाराने ती मोकळी केली. व्यवहारच झाला नाही म्हणून दर नाही, शुल्क नाही. स्टेटमेंटवर खुणसुद्धा राहत नाही. म्हणून परदेशी ऑर्डरबद्दल मन बदललं तर माल निघायच्या आधी बदलावं. निघाल्यानंतर बदलाल तर तेच मन महाग पडतं.

दर्याकिनारी

थोडं उलट सांगते. मला एकदा परतावा जास्त आला होता. एक महागडा दिवा घेतला, तुटका आला, परत केला. तोवर युरो बराच चढला. माझ्या कार्डाला परकीय शुल्क नाही. भरले त्यापेक्षा साधारण ११ डॉलर जास्त जमा झाले. मला वाटलं चूक झाली, प्रामाणिकपणे बँकेला कळवलं. फोनवरचा मुलगा हसला आणि म्हणाला, ठेवा तुम्हालाच.

आता मी वेगळंच करते. अनेक चलनं ठेवता येतील असं खातं काढलंय. त्यात आधी युरो घेऊन ठेवते, त्यातूनच पैसे भरते. परत आले तर युरो म्हणूनच परत येतात, २४० चे २४०. मधे कोणी काही बदलतच नाही.

आडमाप

पण ते युरो घेताना शुल्क लागतंच ना? आणि परत डॉलर हवे असतील तर पुन्हा बदला, पुन्हा लागणार.

दर्याकिनारी

लागतं, पण कमी. आणि मी परत बदलतच नाही. ते युरो पुढच्या खरेदीला वापरते. ज्याला वर्षातून एकदाच काही घ्यायचंय त्याच्यासाठी हा खटाटोप नाही.

निळीशाई

मी अटी वाचल्या. बारा पानं. ‘परकीय चलनातील किंवा देशाबाहेरील प्रत्येक व्यवहारावर ३ टक्के.’ आणि पुढच्याच परिच्छेदात: ‘व्यापाऱ्याने व्यवहार पूर्णपणे परत केल्यास संबंधित शुल्क समायोजित केले जाऊ शकते.’ केले *जाऊ शकते*. हे हो आहे की नाही?

हिशेबनीस

ते ‘मागाल तर’ आहे. आपोआप दिलं जाणार नाही, पण मागितल्यावर सहजासहजी नाहीही म्हणता येणार नाही. फोनवर ‘पैसे कमी आले’ असं सांगू नका. मागच्या वेळी तुम्ही तसंच सांगितलं असणार, म्हणून त्यांनी जमेची नोंद बघितली आणि बरोबर आहे म्हणाले. दोन्ही नोंदींच्या तारखा द्या, दोन्हीकडे २४० युरो आहेत हे दाखवा, आणि सांगा की अमुक परिच्छेदाप्रमाणे खरेदीवरचं ८.०६ शुल्क समायोजित करा. लेखी मागा. दरातल्या फरकाचं नाव काढू नका. ते कोणी देणार नाही आणि मूळ मुद्दा त्यात बुडेल.

दुकानदाराकडून परताव्याचा एआरएन घेऊन ठेवा. हा २३ अंकी क्रमांक असतो, दुकानदाराची बँक तो देते. तुमची बँक ‘परतावा सापडत नाही’ म्हणाली तर त्यावरून शोधता येतं. तुमच्या बाबतीत परतावा आलाच आहे, त्यामुळे बहुधा लागणार नाही, पण जवळ असलेला बरा.

चक्रीवादळ

एवढं कशाला? सरळ बँकेत तक्रार टाका की परतावा पूर्ण मिळाला नाही. ते दुकानदाराकडून वसूल करतील. मी तर नेहमी तसंच करतो.

हिशेबनीस

इथे टिकणार नाही. तक्रार टाकली की दुकानदार २४० युरोचा पुरावा पुढे करेल, आणि तो खराच आहे. ज्याने पूर्ण पैसे दिले त्याच्यावरच दावा ठोकल्यासारखं होईल. तुमच्या त्या १० टक्क्यांच्या प्रकरणात हा मार्ग कदाचित बरोबर होता. तिथे युरोतच कमी आले होते ना?

चक्रीवादळ

युरो नव्हते, पौंड होते. पण हो, कमीच आले होते. तेव्हा मात्र वेळ गेली होती.

मोरपीस

एक कायद्याचा मुद्दा. निळीशाई, दुकान युरोपियन युनियनमधलं असेल तर तिथे ग्राहक हक्कांचा २०११ चा निर्देश आहे, क्रमांक २०११/८३. त्यातलं १३ वं कलम सांगतं की ग्राहकाने मुदतीत माल नको म्हटलं तर विक्रेत्याने सर्व रक्कम साध्या घरपोच खर्चासकट परत करायची, ज्या मार्गाने आली त्याच मार्गाने, आणि परताव्यामुळे ग्राहकाला कोणतंही शुल्क पडता कामा नये. मग हे ३ टक्के विक्रेत्याच्या माथी का मारता येऊ नयेत?

हिशेबनीस

चांगला मुद्दा आहे. पण ‘परताव्यामुळे’ हा शब्द बघा. निळीशाईंचं शुल्क परताव्यामुळे नाही, खरेदीमुळे पडलं. वरच्या तिसऱ्या प्रकारातल्या बँकेने परताव्यावर शुल्क कापलं असतं तर वाद घालायला जागा होती. आणि तेव्हाही विक्रेता म्हणेल की ते मी नाही, तुमच्या बँकेने घेतलं.

मोरपीस

मला ते पटत नाही. खरेदी रद्द झाली म्हणजे तिच्यामुळे झालेला खर्चही भरून मिळायला हवा. ‘सर्व रक्कम’ म्हणजे ग्राहकाच्या खिशातून गेलेली सर्व रक्कम, असं का वाचू नये?

हिशेबनीस

कारण कलमात ग्राहकाकडून *विक्रेत्याला मिळालेली* रक्कम परत करायला सांगितलंय. विक्रेत्याला ८.०६ कधी मिळालेच नाहीत. शिवाय युनियनबाहेर राहणाऱ्या ग्राहकाला हा निर्देश कितपत लागू होतो, हा आणखी एक प्रश्न. तिथे मी वकील नाही, मुकाट बसतो.

मोरपीस

मीही वकील नाही, पण माझा हट्ट कायम.

आडमाप

या दोघांना एका खोलीत बंद करा आणि बाहेरून चहा द्या.

निळीशाई

मंडळी, ताजी खबर. हिशेबनिसांनी सांगितलं तसं बँकेला लिहून पाठवलं. दोन तारखा, दोन्हीकडे २४०, परिच्छेदाचा क्रमांक, ८.०६ ची मागणी. सहा दिवसांनी उत्तर आलं: ‘आपल्या विनंतीनुसार शुल्क समायोजित केले आहे.’ खात्यावर जमा झाले…

७.८८.

८.०६ नाही, ७.८८! आता हे १८ सेंट कुठले?

गावठी_गणिती

हे मला येतं! २६२.८० चे ३ टक्के करा. ७.८८. त्यांनी खरेदीवर घेतलेलं शुल्क परत नाही केलं, परताव्याच्या रकमेवर शुल्क काढून तेवढं दिलं. घेताना चढ्या दरावर ३ टक्के, देताना उतरत्या दरावर ३ टक्के.

हिशेबनीस

गणिती, नावाला जागलात. बरोबर आहे. त्यांची यंत्रणा शुल्क नव्या व्यवहारावरच मोजते, जुन्या नोंदीकडे बघतच नाही. युरो चढला असता तर ८.०६ हून जास्त आले असते.

निळीशाई

म्हणजे एकूण तोटा आता ६.१८. त्यातले ६ डॉलर दराचे आणि फटीचे, १८ सेंट या गंमतीचे. १८ सेंटसाठी पुन्हा लिहू का?

आडमाप

लिहा. मला उत्तर वाचायचंय.

दर्याकिनारी

बूट मिळाले का पण दुसरे?

निळीशाई

तेच बूट अर्धा नंबर मोठे मागवलेत, त्याच दुकानातून. या वेळी शुल्क नसलेल्या कार्डावर. अजून ‘प्रलंबित’ दाखवतंय, आकडा लिहून ठेवलाय.